थैली, जागा आणि चोवीस चेंडू
(आयपीएलमधील संघबांधणीच्या अभ्यासाची प्रस्तावना)

२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. महेंद्रसिंह धोनीचे नाव पुकारले गेले तेव्हा चुरस मुंबई आणि चेन्नई या दोन संघांत लागली. बोली १५ लाख डॉलरवर गेली, मुंबई थांबली आणि धोनी चेन्नईचा झाला. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी छापले की चेन्नईने सर्वाधिक पैसे मोजले. ते खरे होते. पण मुंबई का थांबली याचे उत्तर त्या बातमीत नव्हते, आणि या विषयात शिरायचे तर वाट त्या उत्तरातूनच जाते.

त्या वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. शिवाय पाच शहरांना आपापला ‘आयकॉन’ खेळाडू लिलावाविना मिळाला होता. मुंबईला सचिन, कोलकात्याला गांगुली, बेंगळुरूला द्रविड, दिल्लीला सेहवाग आणि मोहालीला युवराज. आयकॉनचे मानधन वेगळे ठरत नसे. संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा त्याला १५ टक्के जास्त द्यायचे, असा नियम होता. म्हणजे मुंबईने धोनीला १५ लाख दिले असते, तर सचिनचे मानधन आपोआप १७ लाख २५ हजार झाले असते. दोघांत मिळून ३२ लाख २५ हजार. उरलेल्या पावणेअठरा लाखांत सगळा संघ उभा करायचा! चेन्नईला आयकॉन नव्हता, त्यामुळे त्यांना धोनी १५ लाखांनाच पडत होता. खेळाडू एकच, पुकारलेली रक्कम एकच. पण एका संघाला तो दुसऱ्यापेक्षा बराच महाग पडत होता. पुढे मुंबईने जयसूर्याला ९ लाख ७५ हजारांना घेतले आणि सचिनचे मानधन त्याप्रमाणे ११ लाख २१ हजार २५० डॉलर ठरले. लक्ष्मणने तर हा हिशेब आधीच ओळखला होता. आयकॉनपद नाकारून त्याने हैदराबादच्या संघाची थैली मोकळी ठेवली. आपल्या क्रिकेटमध्ये असा उदारपणा आकड्यांत मोजता येण्याचे प्रसंग फार नाहीत.

खर्चाला मर्यादा असली की खेळाडूची पुकारलेली किंमत आणि त्याची खरी किंमत वेगळ्या होतात, एवढे त्या दुपारीच स्पष्ट झाले होते. त्याच्यावर खर्च झाल्यामुळे जे घेता येत नाही, ती त्याची खरी किंमत. या पुस्तकातली सगळी प्रकरणे या ना त्या वाटेने तिथेच येतात.

मर्यादेची कल्पना आपली नव्हे. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, १९८४-८५च्या मोसमापासून ती लावली, तेव्हा प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलरची सीमा होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती १९९४ साली आली. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने बेसबॉल खेळाडूंच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता आणि खेळांच्या अर्थशास्त्राचा आरंभ साधारण तिथून धरतात. तिकडचे लेखन विपुल आहे, वाचनीयही आहे. पण ते जसेच्या तसे उचलून आयपीएलला लावू नये, असे माझे मत आहे. कारण आपल्याकडे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. खेळाडूंची खरेदी उघड्या लिलावात, प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांदेखत होते. दर तीन-चार वर्षांनी बहुतेक संघ मोडून पुन्हा बांधावा लागतो. आणि मैदानावरच्या अकरांत परदेशी खेळाडू चारापेक्षा जास्त चालत नाहीत. यातली तिसरी गोष्ट सर्वांत साधी दिसते आणि सर्वांत खोल जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

त्याआधी थोडी तयारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा इथे झालेला मोठा लिलाव आपण पुस्तकभर उदाहरण म्हणून वापरणार आहोत, तेव्हा त्याचे नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी आठ. लिलावाआधी सहापर्यंत जुने खेळाडू राखता येत, पण त्यांची रक्कम थैलीतून वजा व्हायची. आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेल्या पहिल्या राखीव खेळाडूचे १८ कोटी, दुसऱ्याचे १४, तिसऱ्याचे ११, मग चौथ्याचे पुन्हा १८ आणि पाचव्याचे १४. न खेळलेल्याचे, म्हणजे अनकॅप्ड खेळाडूचे ४ कोटी. सहा जागांपैकी जितक्या रिकाम्या ठेवाल, तितकी ‘राइट टू मॅच’ कार्डे हातात. म्हणजे आपला जुना खेळाडू दुसऱ्याने बोली लावून जिंकला, तर तीच रक्कम देऊन तो परत घेण्याचा हक्क. मात्र या वेळी एक मेख होती. कार्ड दाखवल्यावर समोरच्याला आणखी एकदा, हवी तेवढी रक्कम वाढवायची मुभा होती.

ऋषभ पंतच्या बाबतीत नेमके तेच झाले. लखनौची बोली २०.७५ कोटींवर जिंकली. दिल्लीने कार्ड दाखवले. लखनौने रक्कम एकदम २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने हात आखडता घेतला. आयपीएलच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी बोली ठरली. मग प्रश्न आला, की पंत २७ कोटींचा आहे का? अशा प्रश्नावर चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सगळे त्याच्या धावा मोजू लागतात. अभ्यासकाने आधी जागा मोजाव्यात. पंत यष्टिरक्षक आहे, मधल्या फळीतला डावखुरा फलंदाज आहे, कर्णधार होऊ शकतो आणि भारतीय आहे. या चार गोष्टी एका जागेत बसवणारा दुसरा खेळाडू त्या दिवशी बाजारात कितपत होता, यावर त्याची किंमत ठरत होती. अशा बाजारात खेळाडू किती चांगला याला महत्त्व कमी असते. त्याच जागेसाठी मिळणाऱ्या पुढच्या खेळाडूपेक्षा तो किती चांगला, याला जास्त असते.

आता त्याच संघातला दुसरा आकडा पाहा. मिचेल मार्श हा ऑस्ट्रेलियाच्या टी-२० संघाचा कर्णधार. लखनौला तो ३.४० कोटींना मिळाला आणि २०२५च्या मोसमात त्याने ६२७ धावा केल्या. एडन मार्करम २ कोटींना मिळाला, त्यानेही चारशेच्या वर धावा केल्या. हे लखनौच्या निवडकांचे कौतुक आहेच, पण त्यात बाजाराची रचनाही आहे. परदेशी फलंदाज साऱ्या जगातून येतात आणि दहा संघांत मिळून मैदानावर त्यांना जागा फक्त चाळीस. त्यामुळे मार्शच्या तोडीचा दुसरा कोणीतरी कायम उपलब्ध असतो आणि भाव खाली राहतो. भारतीयांच्या जागा मात्र प्रत्येक संघात किमान सात, आणि २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आल्यावर प्रत्यक्षात बहुधा आठ. कोट्यवधींच्या लोकसंख्येचा कितीही अभिमान बाळगला तरी आयपीएलच्या दर्जाचे भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज किंवा अखेरच्या षटकांत टिकणारे वेगवान गोलंदाज ऐंशी नसतात. टंचाई तिथे आहे, म्हणून पैसाही तिथे जातो. ‘देशी खेळाडू महाग आणि परदेशी स्वस्त कसे?’ असा प्रश्न नवखा वाचक नेहमी विचारतो. त्याचे उत्तर देशप्रेमात शोधू नये.

दुसरी रचना खेळाच्या आतली आहे. फलंदाज बाद होईपर्यंत खेळू शकतो. गोलंदाजाला मात्र चारच षटके मिळतात. १२० चेंडूंपैकी २४. म्हणजे जगातला सर्वोत्तम गोलंदाज घेतला तरी डावाचा एक पंचमांश भाग त्याच्या हाती. उरलेले ९६ चेंडू दुसऱ्यांनी टाकायचे, आणि कोणावर तुटून पडायचे हे ठरवतो समोरचा फलंदाज. जसप्रीत बुमराहला सांभाळून खेळायचे, त्याच्या चार षटकांत पंचवीस धावा मिळाल्या तरी चालतील, आणि पाचव्या गोलंदाजाकडून वसूल करायचे, हे सगळ्या संघांना ठाऊक आहे. फलंदाजीत एक मोठा खेळाडू चार जणांचे अपयश झाकतो. गोलंदाजीत एक कच्चा गोलंदाज चार जणांची मेहनत बुडवतो. ख्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली यांनी २०१३ मधल्या आपल्या पुस्तकात फुटबॉलबद्दल असा विचार मांडला होता की, तो खेळ सर्वांत कमकुवत खेळाडूवर ठरतो. टी-२० क्रिकेटची गंमत अशी की एकाच सामन्यात दोन्ही प्रकार नांदतात. हातात बॅट असताना वरच्या टोकाकडे बघायचे, हातात चेंडू असताना खालच्या.

‘तारे की खोली?’ हा वाद सरसकट सुटत नाही, तो यामुळे. संघाने ताऱ्यांवर किती खर्च केला एवढ्यावरून निकालाचा अंदाज बांधता येतो का, हे २०२५च्या मोसमावर तपासून बघण्यासारखे आहे. मुंबईने पाच खेळाडू राखले. बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक. पाचांचे मिळून ७५ कोटी गेले आणि लिलावाला ४५ उरले. पंजाबने शशांक सिंग आणि प्रभसिमरन या दोघांनाच राखले, साडेनऊ कोटींत, आणि ११०.५ कोटी घेऊन जेद्दा गाठले. बेंगळुरू मधोमध. कोहली २१, रजत पाटीदार ११, यश दयाल ५, उरले ८३. तीन टोकांचे तीन संघ आणि तिघेही शेवटच्या चारांत. राजस्थानने सहा जणांवर ७९ कोटी लावले, मुंबईहून फक्त चार कोटी जास्त, आणि ते नववे आले. म्हणजे रकमेच्या आकड्यावरून काही कळत नाही. रक्कम कोणत्या जागांवर बसली आहे, हे बघावे लागते.

राजस्थानच्या सहांत सॅमसन, जैस्वाल, पराग, जुरेल आणि हेटमायर असे पाच फलंदाज होते. गोलंदाज एकटा संदीप शर्मा, तोही ४ कोटींचा. जिथे एक मोठा खेळाडू इतरांची उणीव भरून काढतो तिथे त्यांनी पाच मोठे खेळाडू ठेवले, आणि जिथे पाचही जण चांगले लागतात तिथे जवळजवळ सगळे ४१ कोटींतून उभे करायचे ठरवले. बोल्ट, चहल, अश्विन हे त्यांचे अनुभवी गोलंदाज दुसरीकडे गेले. जोफ्रा आर्चरला त्यांनी १२.५० कोटींना परत आणले, तुषार देशपांडेला ६.५० कोटी दिले, पण पाच पूर्ण होईपर्यंत थैली पातळ झाली होती. मुंबईच्या पाचांत मात्र बुमराह होता, दोन्ही कामे करणारा हार्दिक होता, आणि हाताशी गुणी पोरे शोधणारी स्काउटांची जुनी यंत्रणा होती. ३० लाखांच्या अश्वनी कुमारने वानखेडेवर पहिल्याच सामन्यात कोलकात्याचे चार गडी टिपले. ताऱ्यांचा संघ चालवायचा तर ३० लाखांत असा गोलंदाज सापडावा लागतो. ते दरवर्षी जमत नाही, आणि जमले नाही तर इलाज नसतो.

आता बेंगळुरूचा संघ जरा सावकाश उलगडू. वर्षानुवर्षे या संघाची ख्याती तीन मोठे फलंदाज आणि बाकी देव तारी अशी होती. जेद्दामध्ये पहिल्या दिवशी ते गप्प गप्पच दिसले, बड्या नावांवर हात थांबवत होते, आणि त्यांच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर बोंब मारली. लिलाव संपल्यावर त्यांच्या मुख्य पाच गोलंदाजांची यादी अशी होती: हेझलवूड १२.५० कोटी, भुवनेश्वर १०.७५, कृणाल पंड्या ५.७५, यश दयाल ५, सुयश शर्मा २.६०. बेरीज ३६.६० कोटी. थैलीच्या तीस टक्क्यांत वीसच्या वीस षटके भागली, आणि यांत लपवावा लागेल असा एकही गोलंदाज नाही. नव्या चेंडूचा भुवनेश्वर, टप्प्यावर टप्पा टाकणारा हेझलवूड, डावखुरा दयाल, मधल्या षटकांत धावा रोखणारा कृणाल आणि गडी काढणारा लेगस्पिनर सुयश. कामे एकमेकांवर चढत नाहीत. भुवनेश्वरला साडेदहा कोटींच्या वर नेले तेव्हा त्याच्या वयावरून बोलले गेले. पण अनुभवी भारतीय वेगवान गोलंदाज परदेशी जागा अडवत नाही, हे त्या बोलीत गृहीत होते. त्याच्यामुळे हेझलवूडबरोबर आणखी तीन परदेशी फलंदाज खेळवायची मोकळीक राहिली. पुन्हा तेच: किंमत फक्त गोलंदाजाची नव्हती, त्याने मोकळ्या केलेल्या जागेचीही होती.

फलंदाजीत सलामीला कोहलीसोबत ११.५० कोटींचा फिल सॉल्ट, मग पाटीदार, आणि खाली ११ कोटींचा जितेश शर्मा. अमरावतीचा जितेश तेव्हा इतक्या रकमेचा खेळाडू अनेकांना वाटला नव्हता. मात्र शेवटच्या पाच षटकांत फटकेबाजी करणारा भारतीय यष्टिरक्षक ही दुर्मीळ चीज आहे, आणि ती मिळाली की सातव्या क्रमांकावर परदेशी खेळाडू स्वस्तात बसवता येतो. टिम डेव्हिड ३ कोटींना आला, रोमारिओ शेफर्ड दीड कोटीला. त्याच शेफर्डने चेन्नईविरुद्ध १४ चेंडूंत अर्धशतक ठोकले. ८.७५ कोटींचा लिव्हिंगस्टन मोसमात निष्प्रभ ठरला, तेव्हा त्याला बसवून शेफर्डला खेळवता आले. महाग खेळाडू बाहेर ठेवण्याचे धाडस व्यवस्थापनाला होते हे खरे. पण बाहेर ठेवल्यावर आत घ्यायला कोणी तरी लागतो.

३ जून २०२५च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने १९० धावा केल्या, त्यांत एकाचेही अर्धशतक नव्हते. कोहलीच्या ४३ सर्वाधिक. पंजाबला १८४ वर रोखले ते कृणालने. चार षटकांत १७ धावा, दोन बळी, आणि सामनावीराचा मान. अंतिम सामन्यात संघाची बांधणी इतकी उघडी दिसावी असे क्वचित घडते. एक सामना पुरावा ठरत नाही, हे मान्य. पण साखळीत घराबाहेरचे सातही सामने या संघाने जिंकले होते. खेळपट्टी बदलली तरी पाच गोलंदाजांपैकी कोणी ना कोणी उपयोगी पडत होता, असा त्याचा माझा अर्थ आहे.

खोली या शब्दाचा अर्थ इथे नीट ठरवून घ्यायला हवा, कारण त्यात फसगत फार होते. पंचवीस नावांची यादी भरली म्हणजे खोली आली, असे नाही. लखनौचेच पाहा. पूरन, बिश्नोई, मयंक यादव, मोहसिन खान आणि बदोनी यांना राखून त्यांच्याकडे ६९ कोटी उरले. पंतवर २७ गेले, राहिले ४२. किमान अठराचा आकडा गाठायला अजून बारा खेळाडू लागणार होते, म्हणजे सरासरी साडेतीन कोटी. ही सरासरी वाईट नव्हे. वेगवान माऱ्यासाठी त्यांनी आवेश खान ९.७५ आणि आकाश दीप ८ कोटींना घेतला. कागदावर मयंक, मोहसिन, आवेश, आकाश दीप असे चार भारतीय वेगवान गोलंदाज झाले, म्हणजे बेंगळुरूपेक्षाही भक्कम. पण चौघांच्याही अंगात दुखापतींचा इतिहास होता. मोसम सुरू होताना चौघेही तंदुरुस्त नव्हते. मोहसिन संपूर्ण मोसमाला मुकला. मयंक दोन सामने खेळून पुन्हा जायबंदी झाला. एकाच कारणाने सगळे पर्याय एकदम बंद पडत असतील, तर ते चार पर्याय नसतात. एकच असतो, चार वेळा विकत घेतलेला. संघाची यादी हातात आली की मी पहिल्यांदा हेच पाहायला सुचवतो. अमुक खेळाडू नसेल तर कोण, आणि तो ‘कोण’ही त्याच दिवशी नसण्याची शक्यता किती.

लखनौला वाचवायला आला तो पालघरचा शार्दूल ठाकूर. जेद्दामध्ये त्याच्यावर एकही बोली लागली नव्हती. मोहसिनच्या जागी बदली खेळाडू म्हणून तो २ कोटींना आला आणि हैदराबादविरुद्ध त्याने चार बळी घेतले. बदली खेळाडूचा हा दरवाजा नियमात आहे, आणि चतुर संघ लिलावात न विकल्या गेलेल्यांची यादी मोसमभर जवळ ठेवतात. मात्र बदली खेळाडूला मूळ खेळाडूपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही, त्यामुळे स्वस्त खेळाडू जखमी झाला तर त्याच्या जागी महाग कोणी आणता येत नाही. थैलीची शिस्त तिथेही पाठ सोडत नाही.

२७ मे २०२५ रोजी लखनौत लखनौ आणि बेंगळुरू हे दोन्ही संघ समोरासमोर आले. मोसमभर चाचपडणाऱ्या पंतने त्या दिवशी ६१ चेंडूंत नाबाद ११८ केल्या आणि लखनौने २२७ धावा उभारल्या. २७ कोटींच्या खेळाडूकडून एका डावात याहून अधिक मागता येत नाही. मग लखनौच्या गोलंदाजांना १२० चेंडू टाकायचे होते, आणि हेझलवूड खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर असला तरी बेंगळुरूला त्या दिवशी फक्त फलंदाजी उरली होती. कोहलीने अर्धशतक केले. तो बाद झाल्यावर जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या. त्याच्यासोबत शेवटपर्यंत उभा होता मयंक अगरवाल, नाबाद ४१. तोही बदली खेळाडूच. देवदत्त पडिक्कल जखमी झाला म्हणून त्याच महिन्यात संघात आलेला. दोघांनी न तुटलेल्या भागीदारीत शंभराच्या वर धावा जोडल्या आणि बेंगळुरू जिंकले. पंतचे शतक वाया गेले असे बातम्यांत आले. मला वाटते ते वाया गेले नाही. ते थैलीच्या ज्या बाजूला होते तिथे त्याने आपले काम चोख केले. दुसरी बाजू उघडी होती.

आता अशा अभ्यासाच्या मर्यादा. साखळीत प्रत्येक संघ चौदाच सामने खेळतो. इतक्या थोड्या सामन्यांत नशीब आणि बांधणी वेगळी काढणे फार कठीण असते. नाणेफेक, दव, एखादा सुटलेला झेल, सगळे त्यात मिसळते. २०२५च्या सुरुवातीला बुमराह पाठीच्या दुखापतीमुळे चार सामने नव्हता, मुंबईने त्यांतला एकच जिंकला. पण तो परतला तो सामनाही मुंबई हरली, आणि नंतर ओळीने सहा जिंकले. यातून बुमराहची किंमत काढू पाहणाऱ्याने हात भाजून घेण्याची तयारी ठेवावी. म्हणून पुढच्या प्रकरणांत निकालांपेक्षा निर्णय तपासले आहेत. त्या क्षणी थैलीत किती होते, पुढे त्या जागेसाठी कोण यायचे बाकी होते, आणि प्रतिस्पर्ध्यांकडे किती शिल्लक होती. लिलावाचा व्हिडिओ पाहताना या तीन गोष्टी कागदावर मांडत गेलात, तर कोणता संघ घाबरून बोली लावतो आणि कोण हिशेबाने, हे ओळखू येऊ लागते. लिलावाच्या सुरुवातीला सगळ्यांकडे पैसा असतो, म्हणून भाव चढतात. शेवटी पैसा उरलेल्याकडे निवडायला खेळाडू उरत नाहीत. सर्वांत चांगले सौदे बहुधा या दोहोंच्या मध्ये सापडतात, आणि तिथपर्यंत थैली टिकवणे ही एक वेगळीच कला आहे.

शेवटचे उदाहरण कोलकात्याचे. २०२४चे विजेते म्हणून त्यांनी सहा खेळाडू राखले. रिंकू १३, वरुण, नारायण आणि रसेल प्रत्येकी १२, हर्षित राणा आणि रमणदीप प्रत्येकी ४. प्रत्यक्ष देणे ५७ कोटींचे; पण थैलीतून नियमाप्रमाणे ठरलेले टप्पेच वजा झाले, ६९ कोटी. हातात राहिले ५१, आणि सहाही जागा भरल्यामुळे राइट टू मॅचचे एकही कार्ड नाही. वेंकटेश अय्यर त्यांना परत हवा होता. कार्ड नसल्याने भर बाजारात बोली लावावी लागली आणि बेंगळुरू मागे हटेना. २३.७५ कोटींवर तो कोलकात्याला मिळाला. लिलावाला आणलेल्या थैलीतला जवळजवळ निम्मा पैसा एका खेळाडूवर गेला. त्या मोसमात त्याने १४२ धावा केल्या आणि कोलकाता आठवे आले. बेंगळुरू त्या चुरशीत २३ कोटींच्या पुढे जाऊन थांबले होते. तेच पैसे त्यांनी पुढे हेझलवूड आणि भुवनेश्वरवर घातले. दोघांची बेरीज २३.२५ कोटी. ते एक बोली आणखी चढले असते आणि कोलकात्याने माघार घेतली असती, तर ३ जूनला अहमदाबादेत त्यांचा मारा कोणाच्या जिवावर चालला असता, हे ज्याने त्याने कागदावर मांडून पाहावे. पुढच्या मोसमाआधी कोलकात्याने वेंकटेशला सोडून दिले. डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीच्या छोट्या लिलावात त्याचे नाव पुन्हा पुकारले गेले, आणि बेंगळुरूने त्याला ७ कोटींना घेतले.